आधी गट, मग नाव

प्रस्तावना

शेताच्या बांधावर, गच्चीवर किंवा जंगलातल्या गाडीवाटेवर कुणाची तरी विष्ठा दिसते. माणूस फोन काढून तिचा फोटो घेतो, जाणकाराला पाठवतो आणि विचारतो, “हे कुणाचं?” प्रश्न दोन शब्दांचा असतो आणि उत्तरही तेवढंच सुटसुटीत मिळावं अशी विचारणाऱ्याची अपेक्षा असते. हे पुस्तक त्याच प्रश्नासाठी लिहिलेलं आहे, पण ते उत्तराकडे उलट्या बाजूने जातं. विष्ठा कोणाची, हे सांगण्याआधी ती कोणाकोणाची नाही, हे ते ठरवतं. फोटोतली विष्ठा प्राण्याचं नाव क्वचितच सांगते. बहुतेक वेळा ती संशयितांची यादी छोटी करत नेते. यादी किती छोटी करता येते आणि कुठे हात आखडायचा, हे कळलं की या विषयाचा गाभा हाती आला.

सुरुवात जंगलापासून करायची गरज नाही. कपाटामागे काळ्या बारीक लेंड्या सापडल्या की घरात उंदीर झाल्याचं जाहीर होतं. फोटो मोठा करून त्यांची टोकं बघावीत. एका टोकाला पांढरा ठिपका असेल तर ती लेंडी पालीची आहे. पाली आणि पक्षी शरीरातला नत्रयुक्त टाकाऊ भाग युरिक आम्लाच्या घट्ट पांढऱ्या रूपात विष्ठेबरोबरच टाकतात. उंदराचं मूत्र वेगळं बाहेर पडतं, म्हणून त्याच्या लेंडीला पांढरं टोक असू शकत नाही. पांढरं काही नाही, टोकं निमुळती आहेत आणि लांबी अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास आहे, तर ती घरातल्या लहान उंदराची. लांबी एक ते दोन सेंटिमीटर असेल तर मोठ्या उंदराचा किंवा घुशीचा विचार करावा. लहान उंदराच्या लेंडीएवढीच लेंडी काडीने दाबताच भुगा झाली आणि भुग्यात किड्यांच्या पंखांचे चकाकणारे तुकडे दिसले, तर वर छताकडे बघावं. तिथे कीटक खाणारी वटवाघळं असतील.

एवढ्याशा तपासणीत या विषयाची चारही साधनं वापरून झाली. आकारमान, घडण, आतला ऐवज आणि ठिकाण. यांपैकी एकट्याच्या भरवशावर राहिलं की फसगत होते. पालीच्या लेंडीचा पांढरा ठिपका वाळून गळून पडतो, म्हणजे तो नसणं हा पुरावा नव्हे. आणि मोठी विष्ठा मोठ्या प्राण्याचीच असते असंही नाही. पावसाळ्यात अंगणात दोन-तीन सेंटिमीटर लांबीची काळी, जाडसर विष्ठा सापडते आणि लोक मुंगूस, मांजर असे अंदाज करतात. ती फोडली तर आत मुंग्यांची डोकी आणि भुंग्यांची कवचं ठासून भरलेली दिसतात. ती असते भेकाची, म्हणजे खडबडीत कातडीच्या, मुठीत मावणाऱ्या बेडकाची. शिकार अख्खी गिळणाऱ्या आणि कवच पचवू न शकणाऱ्या प्राण्याची विष्ठा त्याच्या अंगाच्या मानाने मोठी असते.

विष्ठेची घडण अपघाताने ठरत नाही. अन्न काय होतं, ते किती बारीक झालं आणि आतड्याने त्यातलं पाणी किती शोषलं, या तीन गोष्टी ती ठरवतात. चितळ, सांबर, भेकर, शेळी हे सगळे रवंथ करणारे. त्यांचा चारा दोनदा चावला जातो, म्हणून लेंडी फोडली तर आतला चोथा बारीक आणि एकसारखा दिसतो. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात पाणी जवळजवळ पूर्ण शोषलं जातं आणि आतड्याच्या आकुंचनांमुळे त्या चोथ्याचे सुटे गोळे होतात. गाय आणि गवाही रवंथ करतात, पण त्यांच्या शेणात पाणी पुष्कळ राहतं, म्हणून त्याचा पो पडतो. घोडा आणि हत्ती रवंथ करत नाहीत. त्यांच्या लिदीत गवताचे आणि सालीचे लांब धागे डोळ्यांना दिसतात. दोडामार्गाच्या बागायतीतला हत्तीचा गोळा आणि गव्याचं शेण फोटोत आकारमानाने चुकवू शकतात, पण जवळून घेतलेल्या फोटोत धाग्यांची लांबी दिसली की प्रश्न मिटतो.

सशाच्या लेंड्या गोल, थोड्या चपट्या, कोरड्या आणि वाळक्या गवताच्या भुशासारख्या असतात. ससा दोन प्रकारची विष्ठा टाकतो. त्यातली मऊ, पोषक विष्ठा तो स्वतःच परत खातो, त्यामुळे आपल्याला जमिनीवर दिसते ती दुसऱ्या फेरीतली, सगळं सत्त्व काढून घेतलेली. साळिंदराच्या लेंड्या लांबट, खजुराच्या बियांसारख्या असतात आणि कधी कधी सालीच्या धाग्यांनी एकमेकींना जोडलेल्या सापडतात. चितळाच्या लेंडीचं एक टोक बहुधा टोकदार आणि दुसरं किंचित खोलगट असतं. सांबराची लेंडी त्याहून मोठी, पण सांबराच्या पाडसाची नाही. इथेच आकारमानाची पहिली मर्यादा समोर येते. प्रत्येक मोठा प्राणी कधीतरी लहान असतो.

मांस खाणाऱ्यांची विष्ठा केसांनी बांधलेली असते. केस पचत नाहीत, हाडाच्या टोकदार तुकड्यांभोवती त्यांचं वेष्टण होतं आणि शेवटी एक निमुळतं शेपूट राहतं. मार्जार कुळातल्यांची विष्ठा साधारणपणे गाठी-गाठींची आणि घट्ट असते. कुत्र्याच्या कुळातल्यांच्या विष्ठेला पीळ जास्त आणि गाठी कमी ठळक. हे “साधारणपणे” फार महत्त्वाचं आहे, त्याकडे मी पुढे येईन. तरस हाडं चावून पचवतो, म्हणून त्याची विष्ठा वाळली की चुन्यासारखी पांढरी होते आणि तिचे गोलसर तुकडे पडतात. तो एकाच जागी पुन्हा पुन्हा येतो, त्यामुळे असे तुकडे ढिगाने सापडतात. फळं खाणाऱ्यांचा हिशेब पुन्हा वेगळा. उदमांजर, ज्याला कोकणात कांडेचोर म्हणतात, फळांच्या बिया अख्ख्याच बाहेर टाकतं. कौलांवर, भिंतीच्या माथ्यावर किंवा पडलेल्या ओंडक्यावर बियांची चिकटलेली कांडी दिसली तर पहिला संशय त्याच्यावर घ्यावा. अस्वलाच्या विष्ठेत एकाच ढिगात बहाव्याच्या किंवा जांभळाच्या बिया आणि वाळवीची डोकी एकत्र सापडतात. असा जोडआहार आपल्याकडे फार थोड्या मोठ्या प्राण्यांचा आहे. पाणमांजराची विष्ठा नदीकाठच्या खडकावर, माशांचे खवले आणि खेकड्यांच्या कवचांचे तुकडे यांनी भरलेली मिळते.

ही ओळख माणसाला फार पूर्वीपासून आहे. गुराखी, पारधी आणि जंगलात राहणारी माणसं पिढ्यान् पिढ्या ती वापरत आली. त्यांचं ज्ञान एका परिसरापुरतं पण खोल होतं. या खोऱ्यात कोणते प्राणी आहेत, कोणतं झाड सध्या फळलं आहे आणि कालची वाट कुणाची होती, हे सगळं त्यांना आधीच ठाऊक असे आणि विष्ठा ही त्या माहितीतली फक्त एक भर असे.

पुस्तकी अभ्यासाची सुरुवात मात्र गंमत म्हणजे जिवंत प्राण्यापासून झाली नाही. इंग्लंडमध्ये यॉर्कशायरमधल्या कर्कडेल गुहेत १८२१ मध्ये पुरातन हाडांचा साठा सापडला. विल्यम बकलंड या भूशास्त्रज्ञाला त्या हाडांमध्ये पांढरे गोळे दिसले. त्याला शंका आली की ही तरसांची विष्ठा असावी. रासायनिक तपासणीत हाडातली द्रव्यं निघाली आणि लंडनमधल्या एका प्राणिसंग्रहाच्या रखवालदाराने गोळे पाहून ते तरसाच्या विष्ठेसारखे असल्याचं सांगितलं. म्हणजे घडण, आतला ऐवज आणि तो प्राणी रोज पाहणाऱ्याचा डोळा या तिन्हींचा मेळ बकलंडने घातला. आज फोटो वाचतानाही याहून वेगळं काही करायचं नसतं. पुढे १८२९ मध्ये जीवाश्म झालेल्या विष्ठेला ‘कॉप्रोलाइट’ हे नाव त्यानेच दिलं.

त्यानंतरच्या अभ्यासाचे तीन प्रवाह वाचकाला ओळखता यायला हवेत, कारण तिघांचे प्रश्न वेगळे आहेत. पहिला प्रवाह निसर्गनिरीक्षकांचा. अमेरिकेत ओलॉस म्युरी यांनी १९५४ मध्ये प्राण्यांच्या खुणांची मार्गदर्शिका काढली. तिच्यात पावलांच्या ठशांबरोबर विष्ठांची रेखाटनं होती. या प्रवाहाचा प्रश्न असतो, “बघून ओळखता येईल का?” आणि त्याचं हत्यार म्हणजे चित्र, मोजमाप आणि तुलना.

दुसरा प्रवाह आहाराच्या अभ्यासकांचा. विष्ठा कुणाची हे त्यांनी ठिकाण आणि ठशांवरून आधी ठरवलेलं असतं. त्यांना जाणायचं असतं, त्या प्राण्याने काय खाल्लं. जॉर्ज शॅलर यांनी कान्हामध्ये वाघाच्या विष्ठांमधून त्याच्या भक्ष्याचा हिशेब मांडला आणि त्यांचं पुस्तक १९६७ मध्ये आलं. विष्ठा धुऊन, चाळून, केस वेगळे करून ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे, ही यातली मुख्य पद्धत. केसाच्या बाहेरच्या खवल्यांची नक्षी आणि आतल्या गाभ्याची रचना प्राण्यानुसार बदलते. भारतीय सस्तन प्राण्यांच्या केसांची अशी ओळख कोप्पीकर आणि सबनीस यांनी १९७६ मध्ये मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. पुढे उल्हास कारंथ आणि मेल्विन सनक्विस्ट यांनी १९९५ मध्ये नागरहोळेतले वाघ, बिबटे आणि रानकुत्रे आपापलं भक्ष्य कसं निवडतात, हे विष्ठांच्या आधारे दाखवलं. या प्रवाहाने फोटो वाचणाऱ्याला एक उपयुक्त गोष्ट शिकवली. मार्जार कुळातले प्राणी अंग चाटतात, त्यामुळे भक्ष्याच्या केसांत त्यांचे स्वतःचेही थोडे केस मिसळलेले असतात. केस म्हणजे फक्त जेवणाचा पुरावा नव्हे, तो जेवणाऱ्याचाही असू शकतो.

तिसरा प्रवाह डीएनएचा. विष्ठेवर प्राण्याच्या आतड्याच्या पेशी लागलेल्या असतात. त्यांतून डीएनए मिळतो, हे १९९२ मध्ये अस्वलांच्या विष्ठेवरून दाखवलं गेलं. दहा वर्षांनी ब्रिटनमध्ये या तंत्राने एक अडचणीचं काम केलं. पाइन मार्टेन हा दुर्मीळ प्राणी कुठे उरला आहे, हे तिथले अभ्यासक अनेक वर्षं त्याच्या विष्ठेवरून ठरवत होते. २००२ मध्ये डेव्हिसन आणि सहकाऱ्यांनी अशा विष्ठांची डीएनए तपासणी केली, तेव्हा अनुभवी निरीक्षकांनाही मार्टेनची आणि कोल्ह्यासारख्या फॉक्सची विष्ठा खात्रीने वेगळी ओळखता येत नाही, असं निघालं. त्या निरीक्षकांनी ती विष्ठा हातात घेतली होती, तिचा वास घेतला होता, जागा पाहिली होती. फोटो पाहणाऱ्याकडे यातलं बरंचसं नसतं.

तरीही आज प्रश्न फोटोंमधूनच येतात, आणि आपल्याकडे ते मुख्यतः एका प्राण्याभोवती फिरतात. पश्चिम महाराष्ट्रातल्या उसाच्या पट्ट्यात बिबट्या राहतो, वाढतो, पिल्लं घालतो. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठांचा अभ्यास केला. त्यात भक्ष्याच्या एकूण वजनापैकी ८७ टक्के वाटा पाळीव किंवा माणसाच्या आसऱ्याने राहणाऱ्या प्राण्यांचा निघाला. एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के होता. शेळ्या त्या भागात कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त असूनही त्यांचा वाटा ११ टक्केच होता. बिबट्या जंगलातून भुकेने बाहेर येतो आणि गोठ्यावर टपून असतो, या समजुतीला इथे विष्ठेने उत्तर दिलं.

पण याच निष्कर्षामुळे फोटो वाचणं अवघड होतं. बिबट्या कुत्रा खातो, कुत्रा मेलेली शेळी खातो, तरस दोघांचे उरलेले सांगाडे खातो. एकाच बांधावर या तिघांच्या विष्ठेत तेच केस सापडू शकतात. विष्ठेत कोणत्या भक्ष्याचे केस आहेत, यावरून विष्ठा कुणाची हे ठरवता येत नाही. आणि फोटो पाहून घाईने “बिबट्या” म्हटलं, की गावात पिंजऱ्याची मागणी उभी राहते. घाईने “कुत्रा” म्हटलं, तर रात्री पाणी द्यायला जाणारा माणूस विजेरी न घेता निघतो. दोन्ही चुकांची किंमत फोटो पाहणारा देत नाही.

म्हणून आधी फोटो. प्रमाण दाखवायला लोक नाणं ठेवतात, पण एक रुपयाचं नाणं या कामाला निकामी आहे. जुनं नाणं २५ मिलिमीटर व्यासाचं, २०११ नंतरचं २२ आणि २०१९ नंतरचं २० मिलिमीटरचं. तिन्ही नाणी चलनात आहेत आणि धूसर फोटोत कोणतं ते कळत नाही. म्हणजे मोजमापात पाचव्या हिश्श्याची चूक नाण्यातूनच शिरते. दोन रुपयांचीही तीच गत. दहा रुपयांचं दोन धातूंचं नाणं मात्र २७ मिलिमीटरचंच असतं. एटीएम कार्डही चालतं. ते सगळीकडे ८५.६ मिलिमीटर लांब आणि ५४ मिलिमीटर रुंद असतं. नाणं विष्ठेला खेटून, तिच्याच पातळीवर ठेवावं आणि फोन बरोबर वरून, जमिनीला समांतर धरावा. तिरक्या फोटोत जवळची बाजू फुगते.

चार फोटो पुरतात. एक वरून, एक बाजूने, एक दहा पावलं मागे जाऊन परिसराचा आणि एक काडीने फोडल्यावर आतला. बहुतेक जण पहिलाच पाठवतात, जवळून आणि नाण्याशिवाय. खरं तर तिसऱ्या फोटोतून अनेकदा जास्त कळतं. विष्ठा वाटेच्या मधोमध आहे की झुडपात, एकटी आहे की जुन्या ढिगावर, शेजारी जमीन खरवडलेली आहे का, जवळ पाणी किंवा फळलेलं झाड आहे का, हे सगळं त्यात येतं. नीलगाय, चौशिंगा, काळवीट असे प्राणी ठरावीक जागी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकतात. तो ढीग कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर राहिला, तर उरलेली एक लेंडी जवळजवळ मुकी असते.

एक उदाहरण तपशिलाने पाहू. उसाच्या कडेने जाणाऱ्या गाडीवाटेवरची विष्ठा, थंडीचे दिवस, दहा रुपयांचं नाणं शेजारी. फोटो पडद्यावर मोठा केला तर नाणं ५४० पिक्सेल रुंद भरतं आणि विष्ठेचा सर्वांत जाड भाग ५००. पाचशेला ५४० ने भागून २७ ने गुणलं की २५ मिलिमीटर येतात. पण नाणं जमिनीवर आहे आणि विष्ठेची रुंदी तिच्या निम्म्या उंचीवर मोजली गेली आहे, म्हणजे साधारण सव्वा सेंटिमीटर कॅमेऱ्याच्या जवळ. फोन ३० सेंटिमीटरवर धरला असेल तर मोजमाप चार टक्क्यांनी जास्त येतं. खरी जाडी २४ मिलिमीटरच्या आसपास. फोन १५ सेंटिमीटरवर असता तर हीच चूक दुप्पट झाली असती. जाडी मोजायची ती यासाठी, की लांबीचा भरवसा नसतो. विष्ठा तुटते, वाळते, किडे तिचे तुकडे नेतात.

२४ मिलिमीटरवरून काय बाद होतं? मुंगूस आणि रानमांजर मोठ्या शक्यतेने बाद. कोल्हा बाद नाही, पण त्याच्यासाठी ही जाडी वरच्या बाजूला जाते. बिबट्या, मोठा गावठी कुत्रा आणि तरस तिघंही शिल्लक. आता घडण. पाच गाठी, मधल्या खाचा ठळक, एका टोकाला शेपूट. हे बिबट्याकडे झुकतं. तरसाचे पांढरे गोलसर तुकडे इथे नाहीत, म्हणून तरस मागे पडतो. कुत्रा मात्र बाद होत नाही, कारण मांस आणि केस खाल्लेल्या कुत्र्याची विष्ठाही गाठींची होते. फोडलेल्या फोटोत आखूड, राठ, तांबूस केस आणि हाडाच्या कपच्या दिसतात. धान्याचा कण नाही, भाताचं शीत नाही, प्लॅस्टिकचा तुकडा नाही. गावातल्या उकिरड्यावर जगणाऱ्या कुत्र्याच्या विष्ठेत यातलं काहीतरी सहसा सापडतं, म्हणून तो आणखी थोडा मागे सरतो. बोर किंवा इतर फळाची बी नाही, म्हणून कोल्ह्याचीही शक्यता घटते, कारण त्या दिवसांत तो बोरं आवडीने खातो.

शेवटी तिसरा फोटो. विष्ठेपासून हातभर अंतरावर माती मागच्या पायांनी ओढून एक लांबट पट्टा आणि त्याच्या टोकाला मातीचा छोटा ढीग. मार्जार कुळातले प्राणी असा ओरखडा काढतात. कुत्रेही माती उडवतात, पण त्यांची माती मागे फेकली जाऊन विखुरते. इथे पारडं बिबट्याकडे स्पष्ट झुकलं. तरीही पुस्तकाने या फोटोखाली लिहिलेलं उत्तर असं आहे: “मोठा मांसाहारी प्राणी. बिबट्या असण्याची शक्यता जास्त. कुत्रा बाद नाही.” आणि पुढे एक ओळ, की त्याच वाटेवरच्या ओल्या मातीत नखं न उमटलेला ठसा शोधा. केस कुणाचे आहेत, हे सूक्ष्मदर्शकाखाली कळेल, विष्ठा बिबट्याचीच आहे का, हे डीएनएतून. फोटोतून एवढंच.

ज्या गोष्टी अशा वाचनाला फसवतात, त्यांत वेळ ही पहिली. मोठ्या मांसाहारी प्राण्याने नुकतीच शिकार केली की तो आधी नुसतं मांस आणि काळीज, यकृत असे मऊ भाग खातो. त्यानंतरची विष्ठा काळी, पातळ आणि बिनआकाराची असते. केसांच्या घट्ट गाठी नंतर येतात. म्हणजे एकाच बिबट्याच्या, एकाच शिकारीनंतरच्या दोन विष्ठा पुस्तकातल्या दोन वेगळ्या पानांवरच्या वाटू शकतात. पावसाळ्यात कोवळं गवत खाणाऱ्या सांबराच्या लेंड्या सुट्या न पडता एकत्र चिकटून लगदा होतात. ऊन, पाऊस आणि वाळवी काम सुरू करतात तेव्हा वरचा थर निघून जातो आणि केस-हाडांचा फिकट सांगाडा उरतो. जुनी पडलेली कुठलीही केसाळ विष्ठा पांढुरकी दिसते, म्हणून पांढरा रंग म्हणजे तरस असं समीकरण फक्त ताज्या किंवा थोड्या वाळलेल्या नमुन्याला लागू पडतं. शेणकिडे तर काही तासांत ढिगाचा नकाशाच बदलतात.

दुसरा फसवणारा प्रकार म्हणजे विष्ठाच नसलेली विष्ठा. पडक्या वाड्यात, विहिरीच्या कडेला किंवा उंच झाडाखाली करड्या केसांचा लांबट गोळा मिळतो आणि त्याचा फोटो रानमांजराच्या नावाने फिरतो. फोडला तर आत उंदराची कवटी अख्खी, दातांसह. मांसाहारी सस्तन प्राणी भक्ष्य चावतात, त्यांच्या विष्ठेत लहान हाडांच्या कपच्या असतात. अख्खी कवटी म्हणजे हा गोळा तोंडातून बाहेर आलेला आहे आणि तो टाकणारा बहुधा गव्हाणी घुबड आहे. घुबड शिकार गिळतं आणि न पचलेले केस-हाडं गोळा करून ओकून टाकतं. इथे घडण आणि आकारमान दोन्ही दिशाभूल करतात, आतला ऐवज एका क्षणात उत्तर देतो. आत न पाहता दिलेलं उत्तर अर्धंच असतं, असं या पुस्तकात जागोजागी म्हटलं आहे, ते यासाठी.

फोडायची ती मात्र काडीने, वाऱ्याकडे पाठ करून आणि ओलसर असताना. वाळलेली विष्ठा हाताने चुरू नये, नाकाजवळ नेऊ नये. मांसाहारी प्राण्यांच्या, विशेषतः कुत्र्याच्या कुळातल्यांच्या विष्ठेत पट्टकृमींची अशी अंडी असू शकतात, जी माणसाच्या यकृतात गाठी करतात. वटवाघळांच्या साठलेल्या विष्ठेच्या धुळीतून बुरशीजन्य आजार फुप्फुसात जाऊ शकतो. फोटो काढून झाला की ढीग होता तिथेच ठेवावा. संरक्षित जंगलातून नमुना उचलायला वनखात्याची परवानगी लागते, आणि शेतातही त्या ढिगाचं प्राण्याच्या दृष्टीने काम संपलेलं नसतं. तो त्याच्या हद्दीची खूण असू शकतो आणि तो उचलून नेला तर पुढच्या निरीक्षकाला तिथे काहीच दिसत नाही.

हे पुस्तक या सगळ्याची मांडणी प्राण्यांच्या नावांनी करत नाही, हे वाचक पहिल्याच पानावर पाहील. सुरुवात गोळ्यापासून आहे. सुटी लेंडी, पो, गाठीची कांडी, बियांची कांडी, पांढऱ्या टोकाची लेंडी, कवचांनी भरलेली कांडी, ओकलेला गोळा. वाचकाने हातातला फोटो आधी या गटांत बसवायचा, मग जाडी मोजायची, मग आत काय दिसतं ते पाहायचं आणि त्यानंतर ठिकाण व ऋतू यांच्याशी पडताळायचं. प्रत्येक टप्प्यावर कोणते प्राणी गळाले, ते लेखकाने उघड दाखवलं आहे. त्यामुळे वाचक लेखकाशी सहमत नसेल तर नेमका कोणत्या टप्प्यावर, हे त्याला सांगता येतं. उत्तरं तीन पायऱ्यांची आहेत: गट निश्चित, प्रजाती संभाव्य, प्रजाती निश्चित. तिसऱ्या पायरीपर्यंत थोडेच फोटो पोचतात आणि जे पोचतात, त्यांच्या मागे बहुधा ठसा, कॅमेरा किंवा केसांची तपासणी आहे.

काही पानांवर फोटो आहे आणि खाली गटाच्या पुढे काहीच लिहिलेलं नाही. संपादनाच्या वेळी ही पानं काढावीत का, अशी चर्चा झाली आणि लेखकाने ती ठेवली. मला तो निर्णय योग्य वाटतो. ज्याला हा विषय शिकायचा आहे, त्याने आधी ती पानं उघडावीत, स्वतः नाव ठरवून पाहावं आणि त्या नावासाठी फोटोतला कोणता पुरावा दाखवता येतो ते कागदावर लिहावं. पुरावा सापडला नाही तर नाव खोडावं आणि गट तेवढा ठेवावा. पुढच्या वेळी त्याच वाटेवर गेल्यावर कोणता फोटो घ्यायचा राहिला होता, हे त्या कागदावरून त्याला नेमकं कळेल.